भूलतज्ज्ञांच्या पगारात खंड किती? पुरवठा वक्रावरून आर्थिक खंड आणि हस्तांतरण उत्पन्न कसं काढावं

खंड म्हटलं की आपल्याला खंडाने दिलेली जमीन आठवते. अर्थशास्त्रातही शब्दाची सुरुवात तिथूनच झाली. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला खंडाचा सिद्धांत शेतजमिनीबद्दलच होता. पुढे ही कल्पना श्रमालाही लागू झाली. एखाद्याला त्या कामात टिकवून ठेवण्यासाठी जेवढं किमान द्यावंच लागतं, ते त्याचं हस्तांतरण उत्पन्न. त्याहून जास्त जे हाती पडतं, तो आर्थिक खंड. (अनुदानं, निवृत्तिवेतन वगैरेंना ‘हस्तांतरण देणी’ म्हणतात. नाव जवळचं असलं तरी त्यांचा इथे काही संबंध नाही.)

भरपूर पगार घेणाऱ्या तज्ज्ञाबद्दल बोलताना लोक सर्रास म्हणतात, ‘एवढा पगार म्हणजे सगळा खंडच.’ तसं असतं का, हे मोजून पाहता येतं. त्यासाठी वर चढणारा पुरवठा वक्र आणि शाळेतलं त्रिकोणाचं क्षेत्रफळ एवढं पुरतं. उदाहरणाला भूलतज्ज्ञ घेऊ. आकडे माझे आहेत आणि मुद्दाम सोपे ठेवले आहेत. पगार दरमहा हजारांत समजा, चलन कोणतंही असो.

टप्पा १: ‘कशातून बाहेर’ ते आधी ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग सगळं गणित डळमळतं. हस्तांतरण म्हणजे दुसरीकडे जाणं. पण कुठून? एका रुग्णालयातून शेजारच्या रुग्णालयात, की भूलशास्त्र सोडून दुसऱ्याच कामात?

समजा एका भूलतज्ज्ञाला १०० मिळतात आणि शेजारचं रुग्णालय तिला ९८ द्यायला तयार आहे. तिच्या रुग्णालयाच्या नजरेतून तिचं हस्तांतरण उत्पन्न ९८ आणि खंड जेमतेम २. पण भूलशास्त्र सोडून ती साध्या वैद्यकीय व्यवसायात गेली असती तर ६० वरही समाधानी राहिली असती. मग व्यवसायाच्या नजरेतून खंड ४० झाला. बाई तीच, पगार तोच, उत्तरं दोन आणि दोन्ही बरोबर. म्हणून उत्तराआधी चौकट लिहून ठेवा. आपली चौकट संपूर्ण व्यवसायाची आहे.

टप्पा २: पुरवठा वक्र मांडा

पुरवठा वक्र इथे काय सांगतो? किमान अपेक्षेनुसार, कमीत कमी मागणाऱ्यापासून सुरू करून, तज्ज्ञांना एका रांगेत उभं करा. रांगेत जसजसं पुढे जावं, तसतशी अपेक्षा वाढत जाते. म्हणून वक्र वर चढतो. आपल्या उदाहरणात तो असा आहे:

वेतन = ४० + २ × तज्ज्ञांची संख्या

दहाव्या तज्ज्ञाची किमान अपेक्षा ६०, विसाव्याची ८०, तिसाव्याची १००.

ही अपेक्षा म्हणजे फक्त दुसऱ्या कामात मिळणारा पगार नव्हे. समजा एकाला दुसरीकडे ५० मिळतील, पण भूलतज्ज्ञाच्या कामातली रात्रीची धावपळ त्याला नकोशी आहे. ती सोसायला तो ६५ मागतो. त्याचं हस्तांतरण उत्पन्न ६५ आहे, ५० नाही. उलट, कामाची मनापासून आवड असलेली व्यक्ती बाहेर मिळणाऱ्या पगारापेक्षा कमीवरही राहते. ‘पगार वजा दुसरीकडचा सरासरी पगार’ असा झटपट हिशेब या दोन्ही माणसांच्या बाबतीत चुकतो.

टप्पा ३: समतोल वेतन काढा

मागणी वक्र असा धरू: वेतन = २२० − ४ × संख्या. दोन्ही बाजू समान ठेवल्या की ४० + २ × संख्या = २२० − ४ × संख्या, म्हणजे ६ × संख्या = १८०. संख्या ३० आणि वेतन १००. एकूण पगार ३० × १०० हजार, म्हणजे ३० लाख. मागणी वक्राचं काम इथेच संपतं. पुढे त्याच्याखालचा त्रिकोण मोजायचा मोह टाळा. वेतनरेषा आणि मागणी वक्र यांच्यामधला तो वरचा त्रिकोण तज्ज्ञ नेमणाऱ्यांचं अधिक्य दाखवतो. तज्ज्ञांचा खंड वेतनरेषेच्या खाली असतो.

टप्पा ४: दोन क्षेत्रफळं मोजा

कागदावर आडव्या अक्षावर संख्या आणि उभ्या अक्षावर वेतन घ्या. ४० पासून निघणारी चढती रेषा (३०, १००) या बिंदूपर्यंत न्या. १०० वर आडवी वेतनरेषा ओढा. आता ३० रुंद आणि १०० उंच असा आयत दिसेल. तो म्हणजे एकूण पगार. पुरवठा रेषा त्याचे दोन तुकडे करते.

वरचा तुकडा त्रिकोण आहे. त्याचा पाया ३०, उंची १०० − ४० = ६०. क्षेत्रफळ ½ × ३० × ६० = ९००, म्हणजे ९ लाख. हा आर्थिक खंड. खालचा तुकडा २१ लाखांचा, ते हस्तांतरण उत्पन्न. ताळा घ्यायचा तर तो स्वतंत्रपणे मोजा: आयत ४० × ३० = १२००, त्यावरचा त्रिकोण ९००, बेरीज २१००. जुळलं.

म्हणजे इतक्या मोठ्या पगारातही खंड ३० टक्केच निघाला. पगार किती मोठा आहे यावर हे प्रमाण ठरत नाही. वेतन एक टक्का बदललं की संख्या किती टक्के हलते, म्हणजे पुरवठा किती लवचीक आहे, यावर ते ठरतं. सरळ रेषेच्या पुरवठ्याला, लवचीकता १ किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा, एक सोयीचा नियम लागतो: खंडाचा वाटा = १ ÷ (२ × लवचीकता). आपल्या बिंदूवर लवचीकता १०० ÷ ६०, म्हणजे सुमारे १.६७. त्यावरून वाटा पुन्हा ०.३० येतो. रेषा शून्यातून निघत असेल तर लवचीकता १ असते आणि खंड बरोबर निम्मा असतो, मग चढ कितीही असो.

आकडे जुळत नसतील तर

एकेक तज्ज्ञ घेऊन बेरीज केली तर उत्तर थोडं वेगळं येतं. पहिल्याची अपेक्षा ४२, म्हणून त्याचा खंड ५८. दुसऱ्याचा ५६. असं उतरत तिसाव्याचा शून्य. सगळ्यांची बेरीज ८७०, म्हणजे ८ लाख ७० हजार. त्रिकोणाने ९ लाख सांगितले होते. चूक कुठेच नाही. माणसं मोजली की वक्राच्या जागी जिना येतो आणि सरळ रेषा त्या जिन्याची टोकं कापत जाते. तज्ज्ञ मोजके असतील तर जिन्याचंच उत्तर घ्यावं, असं माझं मत आहे. शेकड्यांनी असतील तर हा फरक नगण्य होतो.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. समजा रेषा वेतन = −२० + ४ × संख्या अशी आली. समतोल तोच, ३० आणि १००. सवयीने उंची १२० धरली तर खंड ½ × ३० × १२० = १८०० येतो. पण या त्रिकोणाचा एक कोपरा शून्य वेतनाच्या खाली गेला आहे, आणि तिथे कोणालाच काही मिळत नाही. रेषा आडव्या अक्षाला ५ वर छेदते. म्हणून हस्तांतरण उत्पन्न फक्त ½ × २५ × १०० = १२५० आणि खंड १७५०. वरचा सोयीचा नियमही इथे चालत नाही. रेषेतला पहिला आकडा ऋण दिसला की थांबायचं आणि आधी खालचा तुकडा मोजायचा.

खंड कापून घेता येतो का?

खंड ९ लाख आणि तज्ज्ञ ३०, म्हणजे सरासरी ३० हजार. मग प्रत्येकाचा पगार ३० ने कमी केला तरी कोणी जाणार नाही, कारण काढला तो खंडच, असं वाटतं. पुरवठा रेषेला विचारून पाहा. वेतन ७० झालं तर ७० = ४० + २ × संख्या, म्हणून संख्या १५. निम्मे तज्ज्ञ गेले!

कारण खंड सगळ्यांकडे सारखा नसतो. दहाव्या क्रमांकाची तज्ज्ञ ६० वर राहायला तयार होती, तिच्याकडे ४० चा खंड होता. पगार ७० झाल्यावरही तिच्याकडे १० उरतात, ती राहते. पंचविसाव्याची अपेक्षा ९०. त्याच्याकडे खंड १० च होता आणि कपात ३० ची झाली. म्हणजे खंडाबरोबर त्याच्या हस्तांतरण उत्पन्नातूनही २० गेले. तो जाणारच. प्रत्येकाला त्याच्या किमान अपेक्षेइतकंच दिलं तर २१ लाखांत तीसही जण राहतील, पण ती अपेक्षा फक्त ज्याची त्याला माहीत असते आणि ती खरी सांगण्यात त्याचाच तोटा असतो. म्हणूनच नुसतं विचारून काढलेला पुरवठा वक्र खऱ्याहून वर सरकतो आणि खंड कमी दिसतो. पगार बदलल्यावर प्रत्यक्षात किती जण गेले किंवा आले, हा पुरावा जास्त भरवशाचा.

काळ किती धरला आहे?

वरची रेषा दीर्घकाळाची होती. तिच्यात नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांचा विचारही येतो, आणि ते बरीच वर्षं शिकण्याचा खर्च अपेक्षेत धरूनच येतात. पण जो शिकून बसला आहे, त्याचा तो खर्च होऊन गेला. तो आता कमी पगारावरही टिकतो. म्हणून अल्पकाळाची रेषा जास्त उभी असते. समजा ती वेतन = १० + ३ × संख्या अशी आहे. ३० जणांना १०० इथेही येतात, पण खंड ½ × ३० × ९० = १३५० होतो, म्हणजे साडेतेरा लाख.

९ लाखांवरचे हे साडेचार लाख आल्फ्रेड मार्शल यांच्या भाषेत आभास खंड. आज ते खंड दिसतात, पण दीर्घकाळात ती शिक्षणाची परतफेड असते. वेतन ७० वर आणलं तर अल्पकाळच्या रेषेवर संख्या २० येते, म्हणजे आधी दहाच जण जातात. जुने निवृत्त होऊ लागले आणि ७० साठी एवढं शिकायला नवे कोणी तयार झाले नाहीत, की संख्या हळूहळू पंधरावर येते.