४० ग्रॅम ऑक्टेन जाळलं, तर १२३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कसा?

पहिल्या वर्षाच्या मुलांना रसायनशास्त्राची गणितं समजावून देताना आणि त्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना एक प्रश्न हमखास समोर येतो. अमुक इतके ग्रॅम ऑक्टेन भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळलं, तर किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होईल? गणित चार-पाच ओळींत संपतं. चुकीची उत्तरं मात्र ठरावीक असतात. त्यामुळे आता नुसता आकडा पाहिला तरी कळतं, की मुलगा कोणत्या ओळीवर घसरला. ज्यांनी मोलची गणितं नुकतीच सुरू केली आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपण ४०.० ग्रॅम ऑक्टेन घेऊ आणि शेवटपर्यंत तोच आकडा धरून चालू.

ऑक्टेनचं सूत्र C₈H₁₈. पूर्ण ज्वलनात त्यातला सगळा कार्बन CO₂ मध्ये जातो आणि सगळा हायड्रोजन पाण्यात. एवढं पक्कं असलं की समीकरण संतुलित करायला अंदाज लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी कार्बन, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. ऑक्सिजन शेवटी का, तर उजव्या बाजूला तो CO₂ आणि H₂O या दोन्हींत आहे, आणि डाव्या बाजूला O₂ म्हणून एकटाच उभा आहे. त्याचा सहगुणक बदलला तरी दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याचा हिशोब बिघडत नाही. सुरुवात ऑक्सिजनपासून केली, तर कार्बन जुळवताना तो पुन्हा बिघडतो आणि पान खाडाखोडीने भरतं.

आठ कार्बन म्हणजे आठ CO₂. अठरा हायड्रोजन म्हणजे नऊ H₂O. आता उजवीकडचे ऑक्सिजनचे अणू मोजा: CO₂ मध्ये १६, पाण्यात ९, एकूण २५. डावीकडे ऑक्सिजन जोडीने येतो, म्हणून O₂ चे साडेबारा रेणू लागतील.

C₈H₁₈ + 12.5 O₂ → 8 CO₂ + 9 H₂O

इथे बरेच जण दचकतात. साडेबारा आले म्हणजे काहीतरी चुकलं असं वाटून ते बारा किंवा तेरा लिहून मोकळे होतात, आणि समीकरण तिथेच मोडतं. खरं तर हा अर्धा यायलाच हवा. n कार्बनच्या अल्केनला (3n + 1)/2 इतके O₂ लागतात. n सम असेल तर 3n + 1 विषम येतो, म्हणून ब्युटेन, हेक्झेन, ऑक्टेन या सगळ्यांत अर्धा हटकून येतो. प्रोपेन किंवा पेंटेनमध्ये तो येत नाही. पूर्णांक हवे असतील तर सगळ्या सहगुणकांना २ ने गुणायचं.

2 C₈H₁₈ + 25 O₂ → 16 CO₂ + 18 H₂O

परीक्षेत उत्तर म्हणून बहुधा हेच रूप मागतात. पण पुढच्या गणितासाठी दोन्ही समीकरणं सारखीच चालतात, कारण आपल्याला हवं आहे ते गुणोत्तर. १६ भागिले २ काय किंवा ८ भागिले १ काय, ऑक्टेनच्या एका मोलमागे CO₂ चे आठच मोल.

आता ग्रॅमकडे येऊ. सहगुणक रेणूंची संख्या सांगतात, वजन सांगत नाहीत. म्हणून ग्रॅममधून थेट ग्रॅमकडे जाता येत नाही. आधी मोलमध्ये उतरायचं, तिथे गुणोत्तर वापरायचं आणि मग पुन्हा ग्रॅममध्ये यायचं. ऑक्टेनचं मोलर वस्तुमान ८ × १२.०११ + १८ × १.००८ = ११४.२३ ग्रॅम प्रति मोल. कार्बन डायऑक्साइडचं ४४.०१.

४०.० ÷ ११४.२३ = ०.३५०२ मोल ऑक्टेन
०.३५०२ × ८ = २.८०१ मोल CO₂
२.८०१ × ४४.०१ = १२३.३ ग्रॅम CO₂

दिलेल्या आकड्यात तीन सार्थ अंक आहेत, म्हणून उत्तर १२३ ग्रॅम. मधल्या पायरीवर मात्र अंक कापू नका. ०.३५०२ ऐवजी ०.४ लिहिलंत, तर उत्तर थेट १४१ ग्रॅमवर जातं. आणखी एक बारीक गोष्ट. हायड्रोजनचं अणुवस्तुमान १.००८ ऐवजी नुसतं १ धरलं, तर फरक अठरा अणूंवर साचतो. ११४ आणि ४४ घेऊन हेच गणित केलं तर १२३.५ येतं, म्हणजे तीन अंकांत १२४. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्नपत्रिकेत अणुवस्तुमानं दिली असतील तर तीच घ्या, म्हणजे या एका ग्रॅमवरून वाद होणार नाही.

तर चुकीची उत्तरं. ३२० ग्रॅम दिसलं की समजावं, ४० ला सरळ ८ ने गुणलंय, म्हणजे मोलचं गुणोत्तर ग्रॅमना लावलंय. हे सगळ्यात जास्त दिसतं. १५.४ ग्रॅम दिसलं तर मोल काढलेत, पण गुणोत्तर विसरून त्याच मोलना ४४.०१ ने गुणलंय. ऑक्टेनच्या एका रेणूतून CO₂ चा एकच रेणू निघाला, असं ते गणित सांगतं. मग उरलेले सात कार्बन गेले कुठे?

२४७ आणि ६१.६ ही जोडी मला जास्त रंजक वाटते, कारण दोन्ही चुका दोनच्या त्या सहगुणकातून येतात. २४७ काढणारा समीकरणातला १६ बघतो, पण त्याच्यासमोर ऑक्टेनचे २ आहेत हे विसरतो. ६१.६ काढणारा उलट टोकाला जातो. "2 C₈H₁₈" असं लिहिलंय म्हणून तो मोलर वस्तुमानच दुप्पट करून २२८.४६ घेतो, आणि पुढे गुणोत्तर मात्र ८ चंच लावतो. मोलर वस्तुमान पदार्थाचं असतं. समीकरणात त्याच्यापुढे कोणता आकडा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्यांचा इथे सारखा गोंधळ होतो त्यांना मी साडेबारावालं समीकरणच वापरायला सांगतो. ऑक्टेनपुढे आकडाच नसेल, तर गोंधळ कशाचा करणार?

१२३ हे बरोबर उत्तर आल्यावरही काही जण अडतात. जाळलं ४० ग्रॅम, मग तिप्पट वजनाचा वायू आला कुठून? शंका अगदी रास्त आहे, आणि तिच्यातूनच उत्तर तपासायची उत्तम रीत मिळते. वाढीव वजन ऑक्सिजनचं आहे. ०.३५०२ मोल ऑक्टेनला साडेबारा पट, म्हणजे ४.३७७ मोल O₂ लागतो. त्याचं वस्तुमान १४०.१ ग्रॅम. म्हणजे आत गेलं ४०.० + १४०.१ = १८०.१ ग्रॅम. बाहेर आला १२३.३ ग्रॅम CO₂, आणि ३.१५२ मोल पाणी, म्हणजे ५६.८ ग्रॅम. बेरीज १८०.१. हिशोब जुळला.

एवढा वेळ नसेल तर फक्त कार्बनचा माग काढा. ऑक्टेनच्या वस्तुमानात ८४.१ टक्के कार्बन असतो, म्हणजे ४० ग्रॅममध्ये सुमारे ३३.६ ग्रॅम. हा सगळा CO₂ मध्ये जाणार, आणि CO₂ मध्ये कार्बनचा वाटा १२.०११/४४.०१, म्हणजे २७.३ टक्के. ३३.६ ला ०.२७३ ने भागलं की पुन्हा १२३. या वाटेवर संतुलित समीकरण लागतच नाही, त्यामुळे समीकरणात चूक असेल तर ती इथे उघडी पडते.

कधी प्रश्नात ग्रॅमऐवजी मिलिलिटर देतात. तेव्हा आधी घनतेने गुणून ग्रॅम करायचे. २० अंश सेल्सिअसला नॉर्मल ऑक्टेनची घनता सुमारे ०.७०३ ग्रॅम प्रति मिलिलिटर असते. एका लिटरमधून असा सुमारे २.१७ किलो CO₂ निघतो. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी हा आकडा सुमारे २.३ किलो धरतात, कारण पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण असून ते ऑक्टेनपेक्षा जड असतं आणि त्यात कार्बनचा वाटाही थोडा जास्त असतो. गणितातलं ऑक्टेन आणि टाकीतलं पेट्रोल एक समजू नका, एवढंच.

आतापर्यंत "भरपूर ऑक्सिजन" हे शब्द गृहीत धरले होते. ते काढून टाकले की प्रश्न बदलतो. समजा ४०.० ग्रॅम ऑक्टेनसोबत फक्त १००.० ग्रॅम ऑक्सिजन दिला आहे. १००.० ÷ ३२.०० = ३.१२५ मोल O₂. लागणार होता ४.३७७ मोल, म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार. आता CO₂ ऑक्टेनवरून नाही, ऑक्सिजनवरून काढायचा: ३.१२५ × १६/२५ = २.००० मोल, म्हणजे ८८.० ग्रॅम. ऑक्टेन जळलं ०.२५०० मोल, म्हणजे २८.६ ग्रॅम, आणि ११.४ ग्रॅम तसंच उरलं. पाठ्यपुस्तकाचं उत्तर हेच, आणि परीक्षेत हेच लिहा.

पण प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी पडला की काही ऑक्टेन पूर्ण जळलं आणि बाकीचं शहाण्यासारखं बाजूला बसलं, असं होत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी तयार होते. एक टोकाचा हिशोब करून बघा: सगळं ऑक्टेन जळलं, सगळ्या हायड्रोजनचं पाणी झालं, काजळी अजिबात झाली नाही आणि कार्बन फक्त CO आणि CO₂ मध्ये वाटला गेला. पाण्यासाठी १.५७६ मोल O₂ खर्ची पडला, उरला १.५४९. कार्बन २.८०१ मोल. या सगळ्याचा CO करायलाच १.४०१ मोल O₂ लागतो. मग CO चा CO₂ करायला जेमतेम ०.१४८ मोल O₂ शिल्लक राहतो, आणि त्यातून होतो त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ०.३० मोल CO₂. वस्तुमान १३ ग्रॅम. इंधन तेवढंच, ऑक्सिजनही तेवढाच, पण कागदावर ८८ ग्रॅम आणि या हिशोबात १३ ग्रॅम CO₂. सोबत सुमारे ७० ग्रॅम विषारी कार्बन मोनॉक्साइड.