हळदीच्या खळ्यावरचा एनडी: भर उन्हात व्हिडिओ करायला निघालेल्यांसाठी

दर उन्हाळ्यात व्हिडिओचं काम नव्यानं शिकणारी चार-दोन मुलं मला विचारतात, "दादा, एनडी कितीचा घेऊ?" एनडी म्हणजे लेन्सपुढे लावायची, आत येणारा उजेड कमी करणारी काळसर काच. एक आकडा सांगून हे उत्तर संपत नाही. तुम्ही कुठल्या उन्हात, कुठल्या सेटिंगवर आणि कशाचं चित्रण करणार यावर ते ठरतं. म्हणून इथे एकच काम उलगडून सांगतो. सांगली भागातल्या एका शेतकऱ्याकडे हळद शिजवण्यापासून पॉलिशपर्यंतचा छोटा व्हिडिओ करायचा होता. व्यापाऱ्यांना दाखवायचा, त्यामुळे हळदीचा रंग खरा दिसणं ही पहिली अट होती.

आधी गणित बघू. आपण २५ फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं घेत काम करतो. शटर अँगल १८० अंश ठेवला की प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं राहतं, म्हणजे १/५० सेकंद. दाताळ्यानं हळद ओढणारा हात, टोपलीतून पडणारी हळकुंडं, उडणारी धूळ यांना या वेगावर किंचित ओघळ येतो आणि डोळ्यांना हालचाल सलग वाटते. शटर १/२००० वर नेलं तर प्रत्येक हळकुंड हवेत गोठून दिसतं आणि चित्र तुटक होतं. म्हणजे शटरला हात लावायचा नाही.

छिद्र मी एफ २.८ ठेवलं होतं. मागचे पत्रे, पाण्याची टाकी, उभ्या केलेल्या गाड्या मला धूसर हव्या होत्या. शिवाय एफ २२ पर्यंत छिद्र बारीक केलं तर विवर्तनामुळे सगळं चित्रच मऊ पडतं. कॅमेरा लॉग प्रोफाइलवर, म्हणजे ऊन-सावलीतला जास्तीत जास्त तपशील राखणाऱ्या सेटिंगवर होता, त्याचा बेस आयएसओ ८००. "मग आयएसओच खाली घ्या की," असं कोणी म्हणेल. बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉगमध्ये बेसच्या खाली जाताच येत नाही, आणि जिथे जाता येतं तिथे उजेडाच्या बाजूचा तपशील कमी होतो. पिवळ्या हळदीवर ऊन पडलेलं असताना नेमका तोच तपशील लागतो.

आता लख्ख उन्हाचा जुना ठोकताळा घ्या: आयएसओ १००, शटर १/१००, छिद्र एफ १६. तिथून १/५० वर आलो की उजेड एक स्टॉप वाढला. आयएसओ ८०० केलं की आणखी तीन. एफ १६ वरून एफ २.८ वर आलो की आणखी पाच. एकूण नऊ स्टॉप. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे कॅमेऱ्यात हवा त्याच्या ५१२ पट उजेड शिरत होता. शटर, छिद्र आणि आयएसओ तिन्ही जागच्या जागी ठेवून तेवढाच उजेड अडवणं हे एनडीचं काम.

फिल्टरवरचे आकडे नव्या माणसाला गोंधळात टाकतात, कारण एकाच काचेला तीन नावं असतात. सहा स्टॉपच्या काचेवर कोणी एनडी ६४ लिहितो, कोणी १.८. पहिला आकडा उजेड किती पटीनं कमी होतो ते सांगतो. दुसरा घनता आहे, त्यात प्रत्येक स्टॉपला ०.३ धरायचे. दुकानात विचारताना स्टॉपमध्येच विचारा.

स्थिर एनडी म्हणजे एकसारखी काळसर काच. व्हेरिएबल एनडी, ज्याला आपण व्हीएनडी म्हणतो, त्यात दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड आत सोडणाऱ्या काचा, एकापुढे एक असतात. पुढचं कडं फिरवलं की त्या दोघांमधला कोन बदलतो आणि उजेड कमी होतो. सोयीचं आहेच. पण ते पोलरायझर आहेत हे काम करताना एक क्षणही विसरता येत नाही, कारण त्याच्या जवळजवळ सगळ्या खोड्या तिथूनच येतात.

या कामातला सगळ्यात अवघड शॉट शेडमधून खळ्यावर येणारा होता. हळद कुकरमध्ये वाफेवर शिजते, ती गरम हळद टोपलीत भरून बाई पत्र्याच्या शेडमधून उन्हात येते आणि ताडपत्रीवर ओतते. कट न करता हे सगळं हवं होतं. एका बाजूनं उघड्या असलेल्या त्या शेडमध्ये उजेड उन्हापेक्षा तीन स्टॉप कमी भरला. म्हणजे आत सहा स्टॉपचा एनडी हवा आणि बाहेर नऊचा. माझ्याकडचा व्हीएनडी दोन ते पाच स्टॉपचा. म्हणून लेन्सला आधी चार स्टॉपचा स्थिर एनडी लावला आणि त्याच्या पुढे व्हीएनडी. आत चार अधिक दोन, बाहेर चार अधिक पाच. व्हीएनडी पुढे ठेवण्याचं कारण फक्त एवढंच की त्याचं कडं बोटांना सापडलं पाहिजे.

आता कडं फिरवण्याचा वेग. इथेच बहुतेकांचा शॉट जातो, म्हणून जरा सावकाश सांगतो. दोन पोलरायझर समांतर असताना उजेड सर्वांत जास्त येतो. तिथून ४५ अंश फिरवल्यावर तो निम्मा होतो, म्हणजे पहिला स्टॉप. पुढचा स्टॉप ६० अंशांवरच येतो, आणि तिसरा साधारण ६९ वर. पहिल्या स्टॉपला ४५ अंश लागले, दुसऱ्याला १५ आणि तिसऱ्याला जेमतेम ९. एकाच वेगानं कडं फिरवलं तर सुरुवातीला काहीच घडत नाहीसं वाटतं आणि शेवटी चित्र धाडकन काळं होतं. म्हणून बाई शेडच्या कडेशी यायच्या आधीच मी पहिला मोठा भाग फिरवून घेतला आणि ती सावलीची रेघ ओलांडत असताना शेवटचा भाग अगदी हळू दिला. त्याआधी ग्रे कार्ड, म्हणजे उजेड आणि रंग मोजायचं राखाडी कार्ड, आत आणि बाहेर धरून, कॅमेऱ्यात दोन्हीकडे सारखी पातळी मिळेल अशा जागा शोधल्या आणि कड्यावर पांढऱ्या टेपच्या दोन खुणा केल्या. कड्यावर छापलेल्या रेघांवर माझा भरवसा नाही. खरी जागा तुमच्या लेन्सवर तुम्हालाच शोधावी लागते.

शॉट कुठल्या दिशेनं घ्यायचा हेही पोलरायझरनंच ठरवलं. पुढचं कडं फिरतं तसा पोलरायझरचा परिणामही बदलतो. निळ्या आभाळाचा एक पट्टा गडद होतो, ओल्या हळदीवरची चकाकी येते-जाते, घामानं चमकणारा चेहरा एकदम कोरडा दिसू लागतो. शॉट चालू असताना हे घडलं तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी हललं हे जाणवतं. म्हणून कॅमेरा जरा उंचावर धरून खाली झुकवला, आभाळ चौकटीबाहेर ठेवलं आणि मागे कोरडी ताडपत्री येऊ दिली. ओतलेल्या हळदीची वाफ आणि ओल जवळून दाखवायची होती तेव्हा व्हीएनडी सरळ काढला आणि स्थिर एनडीवर काम केलं. त्या चकाकीनंच तर हळद नुकतीच शिजली आहे हे कळतं.

व्हीएनडीला दुसरी मर्यादा वाइड लेन्सची. वाइडमध्ये कोपऱ्यातला उजेड काचेवर तिरका पडतो आणि तिथे दोन पोलरायझरचा कोन मधल्यापेक्षा वेगळा ठरतो. कडं शेवटाकडे नेलं की चित्रावर काळी फुली उमटते, किंवा फुलीच्या आधी नुसतेच काही कोपरे काळवंडतात. हे ओळखायला एखादी पांढरी भिंत पुरते. सगळ्यात वाइड लेन्स लावा, भिंतीवर रोखा आणि कडं हळूहळू शेवटापर्यंत न्या. उजेड जिथून असमान व्हायला लागतो त्याच्या अलीकडे तुमच्या फिल्टरची हद्द, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. अख्ख्या खळ्याचा वाइड शॉट मी म्हणूनच कधी व्हीएनडीवर घेत नाही.

आता रंग. चित्रणाआधी मी हळकुंडं आणि ग्रे कार्ड शेजारी ठेवून दोन-तीन वेगवेगळे फिल्टर लावून छोटे तुकडे घेतले आणि मालकांना मॉनिटरवर दाखवले. एका स्वस्त व्हीएनडीचा तुकडा बघताच ते म्हणाले, "दादा, हा आमच्या हळदीचा रंग न्हाई. ह्यात हिरवट झाक हाय." त्यांची नजर मीटरपेक्षा पक्की होती. झाक एकसारखी असेल तर फिल्टर लावूनच ग्रे कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतल्यानं ती बरीचशी जाते. पण बऱ्याच व्हीएनडीत कडं फिरवलं की झाकही बदलते, म्हणून आधी घनता ठरवायची आणि मग बॅलन्स घ्यायचा. शेड-ते-ऊन शॉटसाठी मी उन्हातल्या खुणेवर बॅलन्स घेतला, कारण हळद तिथे ओतली जाणार होती.

याहून चिवट दोष इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण सेन्सरला जाणवणाऱ्या किरणांचा आहे. साधा एनडी दिसणारा उजेड अडवतो, पण इन्फ्रारेड बरंचसं आत सोडतो. सहा स्टॉपच्या पुढे दिसणारा उजेड इतका कमी होतो की सेन्सरपर्यंत पोचलेल्या इन्फ्रारेडचा वाटा नजरेत भरतो, आणि काळं सिंथेटिक कापड चॉकलेटी दिसू लागतं. व्हीएनडीतले पोलरायझरही इन्फ्रारेडसमोर ढिले पडतात. काळी छत्री किंवा कॅमेऱ्याची काळी बॅग उन्हात ठेवून एकदा फिल्टरसह आणि एकदा फिल्टर काढून छिद्र बारीक करून घ्या, फरक लगेच कळतो. व्हाइट बॅलन्सनं हे सुटत नाही, कारण प्रत्येक कापड इन्फ्रारेड वेगवेगळं परतवतं. एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. नऊ स्टॉपचं काम असेल तर स्थिर काच तरी इन्फ्रारेड अडवणारी घ्या.

पॉलिशच्या ड्रमचा स्लो मोशन १०० फ्रेमवर होता. तिथे १८० अंशाला शटर १/२०० होतं, म्हणजे त्याच उन्हात दोन स्टॉपचा एनडी कमी लागतो.

सोनी एफएक्स ६ सारख्या कॅमेऱ्यात व्हेरिएबल एनडी आतच असतो, तोही इलेक्ट्रॉनिक, आणि वर सांगितलेली पोलरायझरची बरीचशी कटकट तिथे नसते. पण सुरुवातीला तो आपल्या हातात नसतो. मी नव्या मुलाला आधी सहा स्टॉपचा एक चांगला स्थिर एनडी घ्यायला सांगतो. आयएसओ १०० वर साध्या प्रोफाइलमध्ये काम करत असाल तर वरच्याच हिशेबानं लख्ख उन्हात एफ २.८ ला बरोबर सहाच स्टॉप लागतात. व्हीएनडी त्यानंतर. दोन्ही ८२ मिलिमीटरचे घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावा, म्हणजे प्रत्येक लेन्सला वेगळी काच लागत नाही आणि दोन फिल्टर एकावर एक चढवल्यावर कोपरेही कापले जात नाहीत. रिंग लावली की लेन्सचा हूड मात्र बऱ्याचदा बसत नाही. तेव्हा ऊन काचेवर तिरकं येत असेल तर कोणाला तरी बाजूला पुठ्ठा धरून उभं करा.

हळदीची धूळ काचेवर बसतेच. ती कापडानं थेट पुसू नका, बारीक खडे असतात आणि कोटिंगवर ओरखडे येतात. आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी.