आईला स्मरणशक्तीच्या तपासणीला नेताना

जळगावला किंवा धुळ्याला मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली की घरचे पहिल्यांदा विचारतात, सोबत काय आणायचं? जुनी फाइल, रिपोर्ट आणि आधार कार्ड तर आणाच. पण मी अशा चाचण्या घेतो आणि मला सर्वांत उपयोगी पडतं ते घरून लिहून आणलेलं एक पान. त्यासाठी तपासणीच्या आठेक दिवस आधीच बसा.

पानावर ‘फार विसरते’ असं मोघम लिहू नका. काय विसरते, कधीपासून आणि त्यामुळे कोणतं काम अडलं, ते लिहा. वय झालं की चष्मा सापडत नाही, शेजारणीचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि तासाभराने आपोआप आठवतं. हे वयाचं. परवा घरात झालेलं बोलणंच मनातून पुसलं गेलं, आठवण करून दिली तरी ‘असं झालंच नाही’ असं उत्तर येऊ लागलं, तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा आला, तर तो वेगळा प्रकार. आता असं होऊ लागलं, चाचणीतही कमी पडलं, पण औषधं, पैसे, स्वयंपाक, बाजार हे सगळं अजून स्वतःचं स्वतः निभतंय, तर डॉक्टर त्याला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात. हीच कामं दुसऱ्याने केल्याशिवाय होईनाशी झाली की डिमेन्शियाचा विचार होतो. म्हणजे या दोघांतली रेष गुणांवरून कमी आणि रोजच्या कामांवरून जास्त ठरते.

इथेच आपल्या एकत्र कुटुंबात गफलत होते. ‘आई स्वयंपाक करते का?’ विचारलं की उत्तर येतं, ‘सुना आल्यापासून ती चुलीजवळ जातच नाही.’ यातून काही कळत नाही. करत नाही की करता येत नाही, हे वेगळं लिहा. दहा वर्षांपूर्वीची आई डोळ्यांसमोर आणा आणि आजच्या आईशी ताडून बघा. कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या माणसांमागे गहू मोजायची तीच, तर यंदा तिने मोजले का, की दोनदा मोजून गोंधळली? एकटी बसने माहेरी जायची, आता जाते का? हे पान मुलाने एकट्याने लिहू नये. दिवसभर सोबत असणाऱ्या सुनेला किंवा मुलीला जे दिसतं, ते संध्याकाळी घरी येणाऱ्याला दिसत नाही.

दुसरी तयारी औषधांची. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून तशीच आणा. नुसती नावं लिहिली की झोपेची गोळी हमखास राहून जाते. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेची काही औषधं, लघवी धरून राहावी म्हणून दिलेल्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाची आठवण मंदावतात. बी १२ आणि थायरॉइडचे रिपोर्ट असतील तर घ्या, नसतील तर डॉक्टर सांगतील. मागच्या वर्षी कोणी गेलं असेल, मन उदास असेल, झोप उडाली असेल तर तेही लिहा. नैराश्यातही माणूस विसरतो आणि प्रत्येक प्रश्नाला ‘मला नाही येत’ म्हणतो.

एक अपवाद मात्र वेळ मिळण्याची वाट पाहू नये असा आहे. आई कालपर्यंत ठीक होती आणि आज भलतंच बोलतेय, मध्येच गुंगीत जातेय, मध्येच बरी, तर ही विसरण्याची तपासणी नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तातलं सोडियम उतरलेलं असेल. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांचं हे होतं. तेव्हा तडक दवाखाना गाठा.

तपासणीच्या दिवशी चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. मी तीन शब्द म्हणतो आणि आईला ते ऐकूच येत नाहीत, तर आठवणीचे गुण जातात आणि दोष कानाचा असतो. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ते आधी द्या, भाकरी खाऊ द्या, मग चाचणीला बसवा. घरी अहिराणीच बोलत असेल तर आधीच सांगा. ‘आज कोनता वार शे?’ विचारलं तर जे उत्तर चटकन येतं, ते पुस्तकी मराठीत विचारल्यावर अडकतं. खोलीत गेल्यावर खुणा करू नका, शब्द पुरवू नका. आणि चाचणी आधी घरी पाठ करून घेऊ नका, नाहीतर त्या गुणांना अर्थ उरत नाही.

आता गुण कसे वाचायचे, ते एका उदाहरणावरून बघू. अमळनेरकडच्या खेड्यातल्या एक आजी, वय ७१, शाळा तिसरीपर्यंत. ३० गुणांच्या एमएमएसई चाचणीत २१ मिळाले. ही चाचणी १९७५ मधली आहे आणि २४ च्या खाली गेलं की संशय, असा ढोबळ नियम सगळीकडे फिरतो. मुलगा घाबरला. पण गेलेले ९ गुण कुठे गेले? शंभरातून सात-सात वजा करत जाण्यात ४, वाक्य लिहिण्यात १, पंचकोन काढण्यात १. हे ६ शाळेचे. तारीख आणि सन यांत २, आणि ज्यांना तिथी आणि बाजाराचा वार चोख ठाऊक त्यांना तारीख चुकणं मोठं नाही. थोड्या वेळाने विचारलेल्या तीन शब्दांपैकी एकच गेला. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले, ते त्यांनी बिनचूक म्हटले. घरच्यांच्या पानावर औषधं, पैसे सगळं त्याच बघत होत्या. एवढ्यावर डिमेन्शिया म्हणता येणार नाही. कमी शिकलेल्यांसाठी हरियाणातल्या बल्लभगडला याच चाचणीचं हिंदी रूप केलं, तेव्हा वजाबाकीऐवजी उलटे वारच घेतले गेले, ते याच कारणाने.

उलट एखादे निवृत्त मुख्याध्यापक घ्या. त्याच चाचणीत २७, म्हणजे ‘पास’. पण गेलेले तीनही गुण आठवणीतले, आणि बायको सांगते की बँकेचा फॉर्म आता दोनदा चुकतो. मला चिंता यांची जास्त वाटते. शिकलेल्या माणसाला ही चाचणी सोपी पडते, सुरुवातीची घसरण तीत लपते. त्यांच्यासाठी मोका चाचणी बरी. तीत पाच शब्द आठवायचे असतात, घड्याळ काढायचं असतं, आकडे आणि अक्षरं जोडत जायचं असतं. तीही ३० गुणांची, २६ ही नेहमीची रेष, आणि शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. ती रेषसुद्धा कमी शिकलेल्यांवर अन्याय करते, म्हणून अमळनेरच्या आजींना मी मोका दिली नसती.

बाहेर पडताना विचारायचं ते एवढंच: कोणती चाचणी घेतली, कोणत्या भाषेत, गुण कुठे गेले आणि पुन्हा कधी यायचं. माइल्ड प्रकारातले काहीजण पुढे डिमेन्शियाकडे जातात, काही तिथेच थांबतात, बी १२ भरून काढल्यावर किंवा गोळी बदलल्यावर काही पूर्ववतही होतात. एका दिवसाच्या गुणांवरून हे ठरत नाही, म्हणून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा बोलावतात. त्या वेळी पहिल्या चाचणीचा कागद, घरचं जुनं पान आणि त्याच बाबींवर नव्याने लिहिलेलं दुसरं पान, तिन्ही सोबत आणा.