टोपिक दोनची तयारी: मान कुणाला आणि शेवट कुणासाठी

दर सत्रात इथे कोरियात आमच्या लॅबमध्ये नवी मराठी मुलं येतात आणि टोपिक दोन या कोरियन भाषेच्या परीक्षेची तयारी करताना एकाच जागी अडतात. मानाची रूपं पाठ असतात, पण कधी लावायची ते कळत नाही. कारण कोरियनमध्ये दोन वेगळे प्रश्न एकाच क्रियापदात सोडवलेले असतात. मी कुणाबद्दल बोलतोय? आणि कुणाशी बोलतोय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे 'शी'. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला मान द्यायचा असेल तर 'शी' क्रियापदाच्या पोटात घालायचा. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे शेवट: मित्राला पान्माल म्हणजे जवळिकीचं बोलणं, दुकानात किंवा घरमालकिणीशी 'यो', सूचना, मुलाखत आणि औपचारिक ईमेलमध्ये 'म्निदा'.

पहिला भाग आपल्याला येतोच. प्राध्यापक दारात दिसले की आपण मित्राला म्हणतो, "अरे, सर आले." मान सरांना, जवळीक मित्राशी. कोरियनमध्ये हेच "क्योसुनिम ओश्यॉस्सॉ". आत 'शी' आहे आणि शेवट पान्मालचा. सर आले म्हणून मित्रासमोर 'म्निदा' लावायची गरज नाही.

अडतं ते दुसऱ्या भागात. "मी घरी चाललो" हे वाक्य आपण आजोबांनाही तसंच सांगतो आणि भावालाही. कोरियनमध्ये मात्र वाक्य स्वतःबद्दल असलं तरी ऐकणारा कोण यावर शेवट बदलतो. घाबरून नवीन मुलं मग सगळीकडे 'शी' घालतात. मालकीणबाई जिन्यात विचारतात, "ऑदी कासेयो?", म्हणजे कुठे चाललात, आणि आपला मुलगा घरी चाललो म्हणून नम्रपणे उत्तर देतो, "चिबे कासेयो." 'सेयो'मध्ये 'शी' आहे, म्हणजे त्याने स्वतःलाच मान दिला. उत्तर "चिबे कायो" एवढंच. नम्रता 'यो'मध्ये आली, 'शी' स्वतःला कधीही लावायचा नाही. बाई हसून पुढे जातात, चूक सांगत नाहीत. इथली माणसं परक्याला सहसा दुरुस्त करत नाहीत, उलट "छान बोलता" म्हणतात. त्या कौतुकावर विसंबू नका.

आणखी एक. कॅफेत "खॉफी नाओश्यॉस्सुम्निदा" ऐकू येईल, म्हणजे कॉफीलाच मान. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून तसं बोलतात, पण व्याकरणाने ते चूक आहे. परीक्षेत लिहू नका.

आता लेखनाचा 51 वा प्रश्न. यात छोटी सूचना किंवा ईमेल असतो आणि दोन जागा भरायच्या असतात. समजा, विद्यार्थी प्राध्यापकांना लिहितोय: उद्या भेटायला येणार होतो, पण अचानक काम निघाल्यामुळे (पहिली जागा). पुढच्या आठवड्यात आपल्याला वेळ (दुसरी जागा)? पहिल्या जागी कर्ता मी, म्हणून 'शी' नको. पण भेट मोठ्या माणसाची, म्हणून नम्र क्रियापद हवं: "छाजाब्वेप्ची मोथाल कॉत कात्सुम्निदा". दुसऱ्या जागी वेळ प्राध्यापकांचा, म्हणून 'शी' हवा: "इस्सुशिम्निक्का". इथे बरेच जण "केशिम्निक्का" लिहितात. ते रूप माणूस स्वतः हजर असण्यासाठी आहे, त्याच्या वेळेसाठी नाही. शेवट कोणता ठेवायचा ते ईमेलच्या बाकीच्या ओळींवरून ठरवा. तिथे 'म्निदा' असेल तर तुमचाही 'म्निदा'च.

आता जे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी दर वेळी कुणीतरी विसरतो ते ऐका. 53 आणि 54 या प्रश्नांत 'यो' नको, 'म्निदा'ही नको. तिथे लेखी 'दा'चा शेवट लागतो, म्हणजे "नाथानात्ता", "सेंगाखान्दा". 53 ला 30 गुण आहेत, 54 ला 50. वर्षभर दुकानात, ऑफिसात 'यो' बोलून हात तसाच वळतो आणि निबंध तिसऱ्या ओळीत 'यो'वर घसरतो. लेखन तपासणारा ते पहिल्या नजरेत पाहतो. एका निबंधात दोन शेवट मिसळू नका. आणि 'दा' लिहिताना स्वतःसाठी नम्र 'चॉ' वापरू नका. निबंधात शक्यतो 'मी' आणूच नका, विषयाबद्दल लिहा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे मुद्दे उत्तम होते, पण सगळा निबंध 'यो'मध्ये लिहिला. तिची चौथी पातळी थोडक्यात हुकली आणि व्हिसाच्या कामासाठी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं.

आपल्या मंडळींची एक सवय मला खटकते. दिवसभर लॅबमध्ये इंग्रजी आणि रात्री मालिका. मालिकांत मित्र, प्रेमी, भावंडं पान्मालमध्ये बोलतात आणि तेच कानात बसतं. मग सकाळी सफाईच्या काकूंना तेच ऐकवलं जातं. काकूंशी 'यो'च बोला. 'तुम्ही' म्हणायला शब्दकोशातला 'तांगशिन'ही नको, हुद्दा किंवा नातं वापरा.

ऐकण्याच्या भागात 'शी'चा उलटा उपयोग करा. कोरियन बोलताना कर्ता गाळतात. "नेइल म्यॉत शिए ओसेयो?" म्हणजे उद्या किती वाजता येणार. यात कोण येणार हे सांगितलेलं नाही, पण 'ओसेयो'मध्ये 'शी' असल्यामुळे बोलणारी स्वतः येणार नाही हे नक्की कळतं. चारपैकी एखादा पर्याय तिथेच बाद होतो.

सराव हवा असेल तर इमारतीच्या लिफ्टमधली सूचना रोज वहीत उतरवा. शेवटी बहुधा "ह्यॉप्चोहे चुशिगी पाराम्निदा", म्हणजे सहकार्य करावं ही विनंती, असतं. यात 'शी' रहिवाशांसाठी, कारण सहकार्य करणारे ते, आणि 'म्निदा' वाचणाऱ्यांसाठी. 51 व्या प्रश्नातल्या सूचनाही बहुतेक याच साच्यातल्या असतात.