दोन नफ्यांचा मेळ: युनिट नको, स्टॉकमधले रुपये बघा

अ‍ॅब्सॉर्प्शन आणि मार्जिनल कॉस्टिंगचे नफे जुळत नसतील, तर दोन्ही पत्रके पुन्हा मांडत बसू नका. फरक फक्त स्टॉकमध्ये अडकलेल्या स्थिर उत्पादन खर्चाचा असतो: अ‍ॅब्सॉर्प्शन तो स्टॉकच्या किमतीत धरते, मार्जिनल तो त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करते.

१. सुरुवातीच्या स्टॉकमधला स्थिर खर्च काढा, गेल्या वर्षीच्या दराने: ५०० नग × ₹३८ = ₹१९,०००.
२. अखेरच्या स्टॉकमधला काढा, यंदाच्या दराने (फिफो धरून): ८०० × ₹४० = ₹३२,०००.
३. वाढ ₹१३,०००. ती मार्जिनलच्या नफ्यात मिळवा: १,५०,००० + १३,००० = ₹१,६३,०००, हा अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा. घट आली तर वजा करा.

बरेच जण वाढलेले ३०० नग थेट ₹४० ने गुणतात, १२,००० येतात आणि मग हजार रुपये शोधत बसतात. ते हजार म्हणजे जुन्या ५०० नगांवरचा दोन-दोन रुपयांचा फरक. दर बदलला नसेल तरच हा शॉर्टकट चालतो.

एक सांभाळा: कमी किंवा जास्त आकारलेला ओव्हरहेड अ‍ॅब्सॉर्प्शनच्या नफा-तोट्यात आधीच टाकला असेल, तर तो या मेळात पुन्हा धरू नका. विक्री-प्रशासनाचा स्थिर खर्चही इथे येत नाही, कारण तो स्टॉकमध्ये जातच नाही.