पऱ्हाटीचा चिमटा चारचौघांत नेण्यापूर्वी: पेटंट की व्यापारी गुपित, याची तयारी

कोणताही फॉर्म भरण्याआधी एका वहीत एवढेच लिहून काढावे की हे अवजार आजवर कोणी पाहिले, कोणत्या तारखेला पाहिले आणि पाहणाऱ्याला त्यातले नेमके काय कळले. नागपूर जिल्ह्यातल्या एका फॅब्रिकेटरने शेवटच्या वेचणीनंतर शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी मुळासकट उपटण्याचा हातचिमटा तयार केला आहे, असे उदाहरण येथे धरू. तरफेचा लांब दांडा, जमिनीवर टेकणारा पाया आणि खोड पकडणारे दातेरी जबडे ही रचना जुनीच आहे. या चिमट्यात नवे आहे ते असे: एक जबडा कॅमसारखा वक्र असल्यामुळे दांडा दाबावा तसा तो खोडावर अधिक आवळतो, आणि दांडा वर येताच आपोआप सुटतो, मजुराला प्रत्येक झाडापाशी वाकून जबडा उघडावा लागत नाही. दुसरी नवी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे जबड्याच्या दातांना पाणी देण्याची, म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करण्याची त्याची स्वतःची रीत, जिच्यामुळे दाते लवकर चेपत नाहीत आणि टणकपणा जास्त झाला म्हणून तुटतही नाहीत.

या दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकू नयेत. प्रत्येकीला एकच कसोटी लावावी: हा चिमटा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या अनोळखी कारागिराच्या हाती देऊन त्याला व्हर्निअर आणि एक दुपार दिली, तर तो काय उतरवून घेईल? जबड्याचा वक्र तो कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेईल. म्हणजे पहिला चिमटा विकला गेला त्या दिवशी वक्राचे गुपित संपले. बाजारातून विकत घेतलेली वस्तू उघडून, मोजून तशीच बनवणे हा व्यापारी गुपिताचा भंग ठरत नाही, आणि आपल्याकडे व्यापारी गुपितासाठी स्वतंत्र कायदाही अजून नाही. विधी आयोगाने 2024 मध्ये 289 व्या अहवालात तसा कायदा सुचवला, पण न्यायालयात आजही आधार आहे तो कराराचा आणि विश्वासभंगाच्या तत्त्वाचा. ज्याच्याशी करार नाही आणि ज्याने विश्वासाने दिलेली माहिती घेतलेली नाही, अशा माणसाविरुद्ध फारसे काही करता येत नाही. पाणी देण्याची रीत मात्र तयार दाताकडे पाहून सहज कळत नाही. किती तापवले, कशात बुडवले आणि नंतर किती वेळ मंद आचेवर ठेवले, हे प्रयोगशाळेत दात कापून पाहिले तरी अंदाजानेच सांगावे लागते.

येथे बहुतेकांना एक सोयीचा विचार सुचतो, आणि तो घातक आहे: दोन-तीन हंगाम गुपचूप धंदा करू, चालले तर मग पेटंट घेऊ. पेटंट अधिनियम 1970 च्या कलम 64 नुसार अर्जाच्या तारखेपूर्वी शोधाचा भारतात उघड वापर झाला असेल तर पेटंट रद्द होऊ शकते, आणि त्याच कलमात गुप्त वापर हेही रद्द करण्याचे कारण दिलेले आहे. सूट आहे ती वाजवी चाचणीला किंवा प्रयोगाला. म्हणून ज्या भागाला पेटंट हवे, त्याचा पैसे घेऊन वापर सुरू करण्याआधी अर्ज गेला पाहिजे.

उलट बाजूलाही एक अडचण आहे. कलम 10 प्रमाणे अर्जदाराला माहीत असलेली शोध अमलात आणण्याची सर्वांत चांगली रीत संपूर्ण विनिर्देशपत्रात, म्हणजे शोधाचे पूर्ण वर्णन आणि कशावर हक्क हवा ते दावे असलेल्या कागदात लिहावी लागते, आणि ती दडवली तर तेही पेटंट रद्द होण्याचे कारण ठरते. मग पाणी देण्याची रीत लपवता येईल का? दावा केवळ जबड्याच्या वक्रावर आणि आपोआप सुटण्यावर असेल, तो वक्र नेहमीच्या पद्धतीने कडक केलेल्या पोलादातही पूर्ण काम देत असेल, आणि खास रीतीने फक्त दात जास्त हंगाम टिकत असतील, तर ती वेगळी ठेवण्यास बळकट आधार मिळतो. पण खास पाणी दिल्याशिवाय दात पहिल्याच एकरात चेपत असतील, तर ती रीत शोधाचाच भाग आहे आणि लिहावीच लागेल. म्हणून पेटंट एजंटाकडे जाण्यापूर्वी साध्या पाण्याचा एक जबडा आणि खास पाण्याचा एक जबडा बनवून दोन्ही सारख्या ओळींवर चालवावेत, आणि किती झाडांनंतर कोणता दात कसा झाला याची नोंद तारखेसह ठेवावी. ही नोंद नसेल तर एजंटालाही अंदाजानेच सल्ला द्यावा लागेल.

आता वहीतल्या त्या यादीकडे वळू. अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कोठेही प्रसिद्ध झालेले किंवा वापरले गेलेले नवे मानले जात नाही, आणि शोधकाने स्वतःच केलेला गाजावाजाही यातून सुटत नाही. आपल्याकडे सरसकट एक वर्षाची सवलत आहे असा समज मी वारंवार ऐकतो. तशी सवलत नाही. कलम 31 ची बारा महिन्यांची मुभा केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांसाठी आहे. नागपुरात भरणाऱ्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घेतला म्हणून ती आपोआप लागू होत नाही. आयोजकाकडे त्या वर्षीच्या अधिसूचनेची प्रत मागावी, आणि ती मिळाली नाही तर संरक्षण नाही असेच धरून चालावे. कलम 32 मध्ये अर्जापूर्वीच्या एका वर्षातील उघड चाचणीला जागा आहे, परंतु चाचणी वाजवी असली पाहिजे आणि शोधाचे स्वरूपच असे असले पाहिजे की ती उघड्यावर करणे भाग होते. पऱ्हाटी शेतातच उभी असते, त्यामुळे हा युक्तिवाद करता येतो. पण रस्त्याकडेच्या वावरात, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवलेले प्रात्यक्षिक चाचणी म्हणून खपणे कठीण. चाचणी आतल्या धुऱ्यावर, गुप्ततेच्या कागदावर सही केलेल्या दोन मजुरांकडून करून घ्यावी आणि संध्याकाळी चिमटा बांधावरच्या झोपडीत न ठेवता घरी आणावा.

सर्वांत जास्त नुकसान व्हॉट्सॲपवरच्या चित्रफितीने होते. गावाच्या गटात दोनशे माणसे असतील तर त्यांतल्या एकावरही गुप्ततेचे बंधन नसते, आणि जबडा मिटताना जवळून दिसत असेल तर पाहणाऱ्याला वक्र कळला असे मानले जाईल. नुसता दांडा ओढणारा माणूस आणि बाहेर येणारी मुळे दिसत असतील तर परिस्थिती वेगळी असते. म्हणून अशी फीत गेली असल्यास ती पुसून गप्प बसू नये. मूळ फाइल जपावी, तिची तारीख लिहावी आणि एजंटाला ती आधी दाखवावी. पुसल्याने ती इतरांच्या फोनमधून जात नाही.

अर्जापूर्वीचा शोध घरी बसून घेता येतो. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेट या शोधस्थळावर `cotton stalk puller`, `cotton stalk uprooter` हे शब्द, तसेच तण उपटण्याच्या हातअवजारांचा वर्ग `A01B 1/16` टाकून पाहावे. शब्दांपेक्षा आकृत्या पाहाव्यात, कारण हाच कॅम कोणी झाडाची रोपे किंवा कुंपणाचे खांब उपटण्यासाठी वापरलेला असू शकतो. शेतीची पद्धत कलम 3 नुसार पेटंटयोग्य नाही, तेव्हा दावा उपटण्याच्या रीतीवर न मांडता अवजारावर मांडायचा, हेही येथेच ठरवून घ्यावे.

संपूर्ण विनिर्देशपत्र तयार होण्याआधी तारीख मिळवण्यासाठी जो तात्पुरता अर्ज करतात तो प्रोव्हिजनल अर्ज, आणि तयारीतला सर्वांत जास्त वेळ त्याच्या मजकुराला द्यावा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क 1,600 रुपये आहे आणि नागपूरचा अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतो. ते सोपे आहे. चूक होते ती अर्धे पान लिहून तारीख मिळाली म्हणून निश्चिंत होण्यात. समजा, आपल्या फॅब्रिकेटरने 5 फेब्रुवारी 2026 रोजी केवळ घट्ट बसवलेल्या जबड्याचे वर्णन करून अर्ज केला. खोड जाड-बारीक असले की पकड सुटते असे दिसल्यावर ऑक्टोबरमध्ये त्याने जबड्यामागे स्प्रिंग बसवली, नोव्हेंबरमध्ये तो चिमटा शेतकऱ्यांच्या मेळाव्यात फिरवला आणि 5 फेब्रुवारी 2027 पूर्वी संपूर्ण विनिर्देशपत्रात स्प्रिंगचाही दावा केला. घट्ट जबड्याच्या दाव्याला 2026 ची तारीख मिळेल. स्प्रिंगच्या दाव्याला मात्र संपूर्ण विनिर्देशपत्र दाखल झाल्याची तारीख मिळेल, आणि तोवर मेळाव्यात शंभर जणांनी ती स्प्रिंग पाहिलेली असेल. ऑक्टोबरातच स्प्रिंगसाठी दुसरा प्रोव्हिजनल अर्ज करून दोन्ही एका संपूर्ण विनिर्देशपत्रात जोडता आले असते, फक्त पहिल्या अर्जापासूनचे बारा महिने सांभाळून. म्हणून पहिल्याच अर्जात सुचतील तितके पर्याय आकृत्यांसह लिहावेत: स्प्रिंग असलेला, नसलेला, दोन्ही जबडे फिरणारा, पायाने दाबण्याचा. आणि अर्जानंतर केलेला प्रत्येक बदल दाखवण्याआधी वहीत डोकावून तो बदल त्या अर्जात होता की नाही हे पाहावे.

लेझर कटिंगवाल्याला फाइल देण्यापूर्वी गोपनीयतेचा करार करावा, आणि त्यात ‘सर्व माहिती गुप्त’ असे मोघम न लिहिता आकृतीचा क्रमांक व तारीख लिहावी. शक्य असेल तर जबडा एकाकडून आणि दांडा-पाया दुसऱ्याकडून कापून घ्यावा. पाणी देण्याचे काम स्वतःच्या शेडमध्ये, एकाच विश्वासू माणसाच्या हाती राहू द्यावे. त्याच्याकडूनही लेखी हमी घ्यावी, मात्र नोकरी सोडल्यावर हाच धंदा कधीच करणार नाही असे कलम घालण्यात अर्थ नाही, कारण करार अधिनियमाच्या कलम 27 पुढे ते टिकत नाही. तापमानाची वही कुलपात ठेवावी. तेलाच्या पिंपावर नाव लिहू नये.

अर्ज गेल्यावर स्टॉलवर ‘पेटंट अर्ज दाखल’ आणि अर्ज क्रमांक एवढेच लिहावे. ‘पेटंटेड’ हा शब्द मंजुरीपूर्वी वापरणे दंडास पात्र आहे. माहितीपत्रकात जबड्याच्या टिकाऊपणाची बढाई मारताना पाणी देण्याच्या रीतीचा एकही तपशील येता कामा नये, कारण तो भाग कोणत्याही अर्जाने झाकलेला नाही. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी, म्हणजे आपल्या उदाहरणात ऑगस्ट 2027 च्या सुमारास, प्रसिद्ध होईल आणि तेव्हा वक्राचे मोजमाप कोणालाही वाचता येईल. नक्कल करणाऱ्यावर खटला मात्र मंजुरीनंतरच भरता येतो. परीक्षणाची विनंती 31 महिन्यांत करावी लागते. तिचे शुल्क व्यक्तीला 4,000 रुपये आहे आणि ती विसरली तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते, म्हणून 5 सप्टेंबर 2028 ही तारीख पहिल्याच दिवशी वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावी.