'बघून सांगतो'च्या जागी काय लिहावं: आर्टिकलशिपला नव्याने लागलेल्यांसाठी

सीए ऑफिसात आर्टिकल म्हणून लागलं की दोन-तीन महिन्यांत पार्टीचे, म्हणजे क्लायंटचे, फोन आणि व्हॉट्सॲप थेट तुमच्याकडे यायला लागतात. दर महिन्याच्या १४ ते २० तारखेदरम्यान त्यांचा पूर येतो, कारण १४ला GSTR-2B, म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलने काढलेला खरेदीच्या क्रेडिटचा तक्ता, तयार होतो आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची GSTR-3B ची मुदत २०ला संपते. या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: "खरेदीचं बिल टू-बीत दिसत नाही. क्रेडिट घ्यायचं का?" उत्तर लगेच माहीत नसतं आणि सर जागेवर नसतात. अशा वेळी पार्टीला काय लिहायचं, ते एकाच उदाहरणावर पाहू.

धरा, भोसरीतला एक छोटा कारखानदार आहे. १६ तारखेला, सोमवारी, ११.४० वाजता त्याचा मेसेज येतो: "पत्र्याच्या बिलाचे ३६,००० टू-बीत नाहीत असं आमचा अकाउंटंट म्हणतो. क्रेडिट घेऊ का? चलन किती काढू?" बिल गेल्या महिन्याच्या २७ तारखेचं आहे, माल २ लाखांचा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. त्याच्या विक्रीवरचा कर १,४२,००० आहे. टू-बीत दिसणारं क्रेडिट ८८,००० आहे. म्हणजे हे बिल धरलं तर भरायचे १८,००० आणि नाही धरलं तर ५४,०००. त्याला खरं तर हा आकडाच हवा आहे. कलम १६(२)(एए) त्याला ऐकायचं नाही. चार दिवसांत खात्यात किती पैसे ठेवायचे, एवढंच कळायला हवं.

नवा आर्टिकल इथे बहुधा दोनपैकी एक चूक करतो. एक, "बघून सांगतो सर" असं लिहितो. त्यातून काय बघणार आणि कधी सांगणार, यातलं काहीच कळत नाही. मग दुपारी दोनला फोन येतो, चारला पुन्हा येतो आणि सहाला तो थेट सरांना जातो. दुसरी चूक जास्त महागाची: "बहुतेक मिळेल." यातला 'बहुतेक' पार्टी वाचतच नाही. ती १८,००० धरून चलन काढते आणि उरलेले पैसे पगारात वाटून टाकते. १९ तारखेला तुम्ही "नाही मिळत" म्हटलं की ३६,००० उभे करायला तिच्या हातात एक दिवस उरतो. १ जानेवारी २०२२पासून नियम साधा आहे: बिल टू-बीत नसेल तर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. घेतलं आणि वापरलं, तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागतं.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी पाच मिनिटं घ्या आणि हे का झालं असेल याच्या वाटा मनात मांडा, कारण काय तपासतोय हे त्यातूनच ठरतं. इथे मुख्य फाटा एकच आहे: चूक आपल्या बाजूला आहे की पुरवठादाराच्या?

आपल्या बाजूची चूक म्हणजे आयएमएस, म्हणजेच पोर्टलवरची इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम. पुरवठादाराचं बिल पोर्टलवर आधी तिथे येतं. पार्टीच्या ऑफिसातल्या कुणी त्यावर Pending किंवा Reject दाबलं असेल, तर ते क्रेडिटमध्ये धरलं जात नाही. तसं असेल तर आनंदच आहे. थ्री-बी भरण्याआधी तिथे Accept करायचं, टू-बी पुन्हा काढायचा आणि क्रेडिट याच महिन्यात घ्यायचं. हे तपासायला पंधरा मिनिटं लागतात आणि कुणाला विचारावं लागत नाही.

पुरवठादाराच्या बाजूला तीन शक्यता. त्याने GSTR-1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, ११ तारखेनंतर भरलं, किंवा भरलंच नाही. किंवा तो तिमाही भरणारा आहे आणि त्याने १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांत बिलं चढवायच्या सोयीत, बिल चढवलं नाही. किंवा वेळेत भरलं, पण हे बिल राहिलं नाहीतर दुसऱ्याच पार्टीच्या नावावर गेलं. पहिल्या दोन शक्यता पोर्टलच्या Search Taxpayer मध्ये त्याचा जीएसटी नंबर टाकून, Show Filing Table उघडून कळतात. लॉगिनही लागत नाही. मात्र तिथे रिटर्न कधी भरलं एवढंच दिसतं. आपलं बिल त्यात आहे की नाही, ते तिथे दिसत नाही. त्यासाठी GSTR-2A आणि आयएमएस पाहावं लागतं.

आता वेळ ठरवायची. दोन्ही तपासण्या मिळून अर्धा तास. पण पार्टीला मत कळवण्याआधी सरांचा होकार लागतो आणि सर हिअरिंगहून चारला परतणार आहेत. तेव्हा सांगायची वेळ पाचची. अडीचला काम होईल असं वाटलं म्हणून अडीच लिहू नका. दुसऱ्याच्या हातातलं काम जिथे आडवं येतं, तिथे त्याचा वेळ धरूनच तास सांगायचा. आणि 'संध्याकाळी' लिहू नका. दुकानदाराची संध्याकाळ नऊला संपते, तुमची सहाला.

११.५५ला जाणारा मेसेज असा असावा:

"नमस्कार सर. पत्र्याच्या बिलाचे (ता. २७, जीएसटी ३६,०००) क्रेडिट या महिन्यात घेता येईल का, हे आत्ता नक्की सांगता येत नाही. दोन गोष्टी तपासतोय. आपल्याकडून आयएमएसमध्ये ते बिल Pending राहिलंय का, आणि पुरवठादाराने GSTR-1 कधी भरलंय. आज ५ वाजेपर्यंत मी कळवतो. तोपर्यंत थ्री-बी भरू नका आणि पैशांची सोय ५४,००० धरून ठेवा. बिलाचा फोटो पाठवाल का? त्यावर छापलेला आपला जीएसटी नंबर बघायचा आहे."

यातलं सर्वांत कामाचं वाक्य ५४,०००चं आहे आणि नवे लोक नेमकं तेच विसरतात. उत्तर माहीत नसलं तरी तोवर कोणता आकडा धरून चालायचं, हे सांगता येतं. तो आकडा नेहमी अशा बाजूचा निवडा की उत्तर उलटं आलं तरी पार्टी अडचणीत येणार नाही. ५४,००० तयार ठेवले आणि १८,०००च लागले, तर पैसे त्याच्याकडेच राहतात. घाईने कॅश लेजरमध्ये भरून टाकले असले, तरी ते तिथे शिल्लक राहून पुढच्या महिन्यात वापरता येतात.

'तपासतोय' हा शब्दही जपून वापरावा. त्यापुढे जे लिहाल ते पार्टीला ओळखता आलं पाहिजे. "रिकन्सिलिएशन चालू आहे" म्हटलं की ती गप्प बसते, पण तिला काही कळलेलं नसतं. "तुमच्याकडून बिल Pending राहिलंय का" असं लिहिलं, तर कधीकधी तिचा अकाउंटंटच "हो, मीच दाबलं होतं" म्हणतो आणि काम दहा मिनिटांत संपतं.

आपल्या उदाहरणात तसं होत नाही. आयएमएसमध्ये बिल नाही, टू-एतही नाही. पुरवठादाराने GSTR-1 १० तारखेला भरलेलं दिसतं. फोटोवर जीएसटी नंबर बरोबर आहे. म्हणजे कागद बरोबर छापला गेला, पण रिटर्नमध्ये बिल राहिलं किंवा दुसऱ्याच्या नावावर चढलं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो सहसा अडतो. यादीतून मिळत्याजुळत्या नावाची दुसरी पार्टी निवडली गेली, तर मात्र काहीच अडत नाही.

इथे प्रश्नाचे दोन तुकडे होतात आणि पाचच्या मेसेजमध्ये ते वेगळे ठेवावे लागतात. "या महिन्यात घ्यायचं का?" याचं उत्तर आता पक्कं आहे: नाही. पुरवठादाराने आज दुपारी चूक दुरुस्त केली तरी नाही, कारण दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची बिलं या टू-बीसाठी ११ तारखेला बंद झाली. "तो आजच करतोय म्हणाला" या फोनवर विसंबून पार्टीला आशा लावणं ही इथली नेहमीची घसरण. "मग कधी मिळणार?" हा तुकडा अजून उघडा आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या हातात नाही. त्याची वेळ वेगळी द्या:

"सर, तपासून झालं, आमच्या सरांशीही बोललो. या महिन्यात ते क्रेडिट घेता येणार नाही. ५४,००० भरा. ३६,००० बुडालेले नाहीत, बिल टू-बीत आलं की त्या महिन्यात घेऊ. पुरवठादाराच्या रिटर्नमध्ये आपलं बिल दिसत नाही. त्यांनी ते कुणाच्या नावावर दाखवलं, हे त्यांच्या अकाउंटंटला विचारतोय. बुधवारी १ वाजेपर्यंत त्यांचं उत्तर येवो न येवो, मी आपल्याला मेसेज करतो."

'येवो न येवो' महत्त्वाचं आहे. पुरवठादाराचं उत्तर बुधवारी येईल, असं वचन तुम्ही देऊच शकत नाही. तुमचा मेसेज बुधवारी जाईल, एवढं देऊ शकता. बुधवारी त्या अकाउंटंटने फोन उचलला नाही, तरी १ला लिहायचं: "मंगळवारी दोनदा आणि आज ११ला फोन केला, मेलही पाठवला, उत्तर नाही. आपण त्यांच्या मालकांशी थेट बोलाल का? शुक्रवारी १२ वाजता मी पुन्हा कळवतो." मालक मालकाशी बोलला की रखडलेली बिलं अनेकदा त्याच दिवशी सापडतात. त्यातच "आता पेमेंट थांबवू का?" असा प्रश्न आला, तर त्याचं उत्तर आर्टिकलने देऊ नये. तो व्यवहाराचा निर्णय आहे, सरांकडे न्या.

शुक्रवारी कळतं, की बिल खरंच दुसऱ्या पार्टीच्या नावावर गेलं होतं. पुरवठादार पुढच्या GSTR-1मध्ये, म्हणजे पुढच्या ११ तारखेपर्यंत, ते दुरुस्त करणार. मग तुमची पुढची तारीख १४ नव्हे, १५ सकाळी ११ची. १४ला टू-बी यायला उशीर झाला तर हातात काही नसतं. पुरवठादार तिमाही भरणारा असता तर हीच तारीख तिमाही संपेपर्यंत लांबू शकली असती, आणि पार्टीला ते आजच सांगावं लागलं असतं.

दिलेल्या वेळा डोक्यात ठेवू नका. ऑफिसच्या शीटमध्ये पाच रकाने पुरतात: पार्टी, प्रश्न, काय तपासतोय, कधी कळवायचं, कळवलं का. चौथ्या रकान्यावर सॉर्ट लावून ती रोज सकाळी दहाला आणि दुपारी तीनला उघडायची. फोनवर तोंडी दिलेली वेळही तिथेच जाते आणि फोन ठेवल्यावर पार्टीला एका ओळीत लिहूनही जाते. या बिलाची ओळ १५ तारखेपर्यंत उघडीच राहील. सुट्टीवर जाणार असाल तर ती कुणाच्या नावावर करताय, हे शीटमध्ये लिहा आणि पार्टीलाही कळवा.